तुडतुडा फवाऱ्याने का वाढतो?

(कार्यकर्ता शिबिरात भातपिकावर झालेल्या बोलण्याचा मजकूर. बऱ्याच पाड्यांनी मागितला म्हणून छापत आहोत.)



प्लॉटच्या कागदाचे बोलणे सकाळी झाले. आता प्लॉटात जे पिकते त्याचे बोलू. कारण जमीन आपल्या ताब्यात राहिली आणि खळ्यावरचे भात दुकानदाराच्या उधारीत गेले, तर आपण नुसते राखणदारच राहिलो.

आमच्याच घरचे सांगतो. दोन वर्षांमागे आवणी होऊन पंधरा दिवस झाले, तेव्हा काही पाने गुंडाळलेली दिसली. बाबा घाबरले. दुकानातून उधारीवर औषध आणले आणि मारले. औषध म्हणतो आपण, पण आहे ते विष. महिन्याने परत एक फवारा, कारण दुकानदार म्हणाला की नेमाने मारावे लागते. पुढे लोंबी बाहेर पडली आणि खाचराच्या मधोमध एक गोल चट्टा पिवळा पडला, मग तपकिरी झाला. तिसरा फवारा मारला तर चट्टा अजून पसरला. बांधाच्या पलीकडे काकांचे शेत. त्यांच्याकडे पैसे नव्हते म्हणून त्यांनी काहीच मारले नव्हते. तुडतुडा त्यांच्याकडेही होता, पण चट्टा पडला नाही.

आजी म्हणाली दृष्ट लागली. दुकानदार म्हणाला औषध कमी पडले. दोन्ही खरे नाही. काय झाले ते नीट सांगतो.

तपकिरी तुडतुडा पानावर बसत नाही. तो चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या जरा वर बसतो आणि रस पितो. मादी अंडी घालते ती खोडाला वेढलेल्या पानाच्या आवरणात, आत खुपसून. एक मादी शंभराच्या वर अंडी घालते. आपण पंप घेऊन वरून फवारतो, ते पानावर पडते. बुडाशी थोडेच पोचते, आणि आतल्या अंड्याला तर लागतच नाही. आठेक दिवसांनी अंडी फुटतात.

मग मरते कोण? कोळी मरतो. खाचरात पाण्यावरून पळतो तो जाळे न विणणारा कोळी सगळ्यांनी बघितला आहे. तो दिवसाला पाच-दहा तुडतुडे खातो. अजून एक छोटा हिरवा ढेकूण असतो, तो तुडतुड्याची अंडी शोधून चोखतो. हे दोघे उघड्यावर फिरतात, म्हणून फवारा यांना आधी लागतो. अंड्यातून नवीन पिलावळ निघते तेव्हा शेतात तिला खाणारे कोणी उरलेले नसते. महिन्याभरात तुडतुड्याची एक पिढी पुरी होते. कोळी इतक्या लवकर वाढत नाही. आमच्या शेतात पहिल्या दोन फवाऱ्यांनी हेच केले. तिसऱ्या वेळी आम्ही मारत होतो तो तुडतुडा आमचाच पोसलेला.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. इंडोनेशियात सरकार कीटकनाशकांवर मोठी सूट देत होते. लोक भरपूर मारत होते आणि तुडतुड्याने भात बसत होते. शेवटी 1986 साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढे सूटही काढली. भाताचे उत्पादन पडले नाही. मग तिथे शेतशाळा सुरू झाल्या. दर आठवड्याला शेतकरी एका खाचराच्या बांधावर जमायचे, चूड उपटून बघायचे, कोण कोणाला खातो ते कागदावर काढायचे. सरकारी पुस्तकात याला ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन’ म्हणतात. नाव जड आहे, काम एवढेच की आधी मोजायचे, मग ठरवायचे.

मोजायचे कसे? आठवड्यातून एकदा खाचरात तिरपे चालत जा आणि वाटेतले 20 चूड बघा. चूड जरा वाकवून बुडाशी हाताने थापट मारा. तुडतुडे पाण्यावर पडतात, ते मोजा. कोळीही मोजा. एका चुडाला सरासरी दहाच्या खाली तुडतुडे असतील तर काही मारू नका. कोळी चुडागणिक एक तरी दिसत असेल तर दहाच्या थोडे वर गेले तरी चार दिवस थांबून परत मोजा. वाढत असतील तर पहिला उपाय पाण्याचा. फोड काढून तीन-चार दिवस पाणी सोडून द्या, बुडाशी वारा-ऊन लागू द्या. पुढच्या वर्षी आवणी दाट करू नका, दर सात-आठ हातांवर एक हातभर पट्टा मोकळा सोडा. आणि युरिया एकदम ओतू नका. हिरवेगार मऊ भात तुडतुड्याला फार आवडते.

खोडकिड्याचेही मोजमाप असेच. मधला गाभा सुकतो, ओढला की सहज हातात येतो, तो फुटवा मेलेला. मागच्या पावसात काकांच्या शेतात आम्ही 20 चूड बघितले. फुटवे भरले 240, मेलेले 9. शंभरात पाच ही हद्द धरली तर 240 ला 12 होतात. म्हणजे हद्दीच्या आत. काकूचा जीव वर-खाली होत होता, पण मारले नाही. भात कोवळे असताना नवीन फुटवे काढून भरपाई करते. लोंबी आल्यावर मात्र भरपाई होत नाही, पळींज पडली ती पडली. म्हणून खोडकिड्याचे काम आधीच करायचे. किड्याची अंडी पानाच्या शेंड्याकडे असतात, वर भुरकट लव असते. आवणीच्या वेळी रोपांचे शेंडे कापून टाकले की बरीच अंडी तिथेच जातात. पुढे दिसतील ती पाने तोडा, पण जाळू नका. त्या अंड्यांत बारीक माशी वाढत असते, ती अंडी खाते. पाने वाटीत ठेवा, वाटी पाण्याच्या ताटलीत, पाण्यावर चार थेंब रॉकेल. अळी सरपटत येऊन मरते, माशी उडून शेतात जाते. कापणी जमिनीलगत करा, कारण अळी धसकटात बसून राहते.

आता याची अडचणही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगं एकच बाजू बोलतंय. मोजायला दर आठवड्याला अर्धा दिवस जातो, आणि मजुरीला गेलेल्या घरात तो अर्धा दिवस नसतो. निंबोळीचा अर्क सांगतात, शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी, पण आपल्या बाजूला कडुनिंब आहेत किती? आणि त्याने कीड लगेच मरत नाही, खाणे आणि अंडी घालणे कमी होते. कधी कधी मोजणी हद्दीच्या पार जाते आणि चट्टा दिसायला लागतो. तेव्हा मारावे लागते. मग चट्टा आणि त्याच्या कडेचे चूड एवढ्यालाच मारा, नळी खाली बुडाशी धरून. सायपरमेथ्रिनसारखे औषध तुडतुड्यावर घेऊच नका, त्याने तो उलट वाढतो. डब्यावर लाल त्रिकोण असेल तर ते सगळ्यात जहाल विष, ते घरातच आणू नका.

खाचरातल्या चिंबोऱ्या आणि मासे आपण खातो. चिंबोरी रोप कापते हे खरे, पण पावसाळ्यात पोरांच्या ताटात तीच असते. बाबांनी फवारले त्या वर्षी आईने आमच्या खाचरातले काही शिजवले नाही. काकांच्या बांधावरून आणायची.

आवणी होऊन पंधरा दिवस झाले की काकांच्या शेतावर पहिली मोजणी आहे. दर बाजाराच्या आदल्या दिवशी, सकाळी. प्रत्येक पाड्यातून दोघे या, त्यातली एक बाई असावी, कारण निंदणीला वाकून चुडाचे बूड बघते तीच. वही-पेन्सिल आणा. ज्याला लिहिता येत नाही त्याने दोरा आणावा, दर तुडतुड्याला एक गाठ.