घरमालकांचा अमृतमहोत्सव

समजा, तुम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहता आणि खालच्या मजल्यावर घरमालक, ज्यांना तुम्ही काका म्हणता. येत्या रविवारी त्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. जिन्यात रोज भेट होते, संक्रांतीला तिळगूळ देणं-घेणं होतं, पण नातं अकरा महिन्यांच्या कराराचंही आहे. अशा माणसाला शुभेच्छा द्यायच्या तर चार ओळी लिहितानाही हात अडतो. फार जवळीक दाखवली तर लाळघोटेपणा वाटतो आणि फार कोरडं लिहिलं तर सोसायटीची नोटीस वाटते.

पहिली अडचण मायन्याची. 'तीर्थरूप' हे आई-वडिलांसाठी आणि 'तीर्थस्वरूप' घरातल्या इतर वडीलधाऱ्यांसाठी, असा आपला रिवाज आहे. घरमालकांना ते लिहिलं की नसलेलं नातं जोडल्यासारखं होतं. उलट 'सा. न. वि. वि.' लिहिलं की पुढे अर्ज येणार असं वाटतं. 'आदरणीय काका, सादर नमस्कार' हा मायना मला सर्वांत योग्य वाटतो. रोज ज्या हाकेनं बोलावतो ती हाक त्यात आहे आणि वयाचा मानही आहे.

दुसरी अडचण मजकुराची. एका भाडेकरूनं पहिल्या खेपेला लिहिलं होतं, 'तुम्ही आम्हाला वडिलांच्या जागी आहात, तुमची कृपा अशीच राहो.' मनात काही नसलं, तरी 'कृपा' म्हटलं की वाचणाऱ्याला भाडं आठवतं. पाण्याचा पंप वेळेवर दुरुस्त केल्याचे आभारही या दिवशी मानू नयेत, कारण ते मालक म्हणून त्यांचं कामच आहे. त्यांचं दुखणं-खुपणं किंवा दूर राहणारी मुलं हाही आपला विषय नव्हे. करारात कुठेही नसलेली आणि तरीही त्यांनी आपणहून केलेली एखादी गोष्ट आठवावी. त्या भाडेकरूला ती सापडली आणि पत्र असं झालं:

'आदरणीय काका, सादर नमस्कार. अमृतमहोत्सवी वाढदिवसानिमित्त आपलं मनःपूर्वक अभीष्टचिंतन. माझी रात्रपाळी असते तेव्हा मी परतेपर्यंत जिन्यातला दिवा आपण चालू ठेवता. याबद्दल कधी बोललो नाही, पण रोज जाणवतं. आपल्याला उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो, ही ईश्वरचरणी प्रार्थना. काकूंना नमस्कार. आपला नम्र,' आणि खाली सही.

यात दिव्याची गोष्ट एकच आहे, पण ती खरी आहे आणि फक्त याच दोन घरांची आहे. शेवटची ओळही बघा. 'शतायुषी व्हा' हा आशीर्वाद झाला, तो मोठ्यांनी लहानांना द्यायचा. लहानानं मोठ्यांसाठी मागायचं ते देवाकडे. म्हणून 'लाभो' आणि 'प्रार्थना'.

आता भेटायला जाणं. सकाळी अंघोळ-पूजा आटोपून नाश्ता झाला असेल अशा बेतानं, साधारण दहाच्या सुमारास जावं. काही घरांत वाढदिवस तिथीनं करतात, तेव्हा आदल्या आठवड्यात काकूंना विचारून ठेवावं. त्याच वेळी गोड चालतं का हेही कळतं. चालत असेल तर पाव किलो पेढे, नसेल तर फळं किंवा फुलं. महागडी भेटवस्तू नको, आणि कराराचं नूतनीकरण तोंडावर आलं असेल तर मुळीच नको. तिची परतफेड कशी करायची हा घोर घेणाऱ्याला लागतो. वाकून नमस्कार करावा, पत्र हातात द्यावं, चहा पुढे आला तर घ्यावा. औक्षणाची तयारी दिसली तर निरोप घ्यावा, कारण तो घरच्यांचा वेळ असतो. त्यांनी आग्रहानं थांबवलं तर मात्र आढेवेढे न घेता थांबावं.

आणि एक पथ्य कटाक्षानं पाळावं. त्या दिवशी व्यवहाराचा शब्द काढू नये. भाडं थकलं असेल तर ते आधी चुकतं करावं, नाहीतर शुभेच्छा सवलतीची प्रस्तावना ठरतात. गिझर बंद पडला असेल, भिंतीला ओल आली असेल, तर ते सोमवारी सांगावं. सोमवारी मात्र संकोच न करता नेहमीसारखं, स्पष्टपणे सांगावं. कालच्या पेढ्यांनी आजची तक्रार अडली नाही आणि आजच्या तक्रारीनं कालच्या पत्रातलं खरेपण उणावलं नाही, तर शेजार आणि व्यवहार दोन्ही नीट सांभाळले असं समजावं.