आठवणीत पाकीट कुठे बसतं?

दिवाळी तोंडावर आली की फराळाच्या जाहिराती सुरू होतात आणि बहुतेकींत तीच आजी भेटते. पहाटेचा उजेड, सुरकुतलेल्या हातांत चकलीचा सोऱ्या, मागे बासरी, दूरदेशाहून अचानक दारात उभा राहिलेला नातू आणि शेवटी पाकीट. ही पटकथा गुळगुळीत झाली आहे, हे सगळेच म्हणतात. माझा मूळ आक्षेप तिच्या खोटेपणाला आहे. जवळजवळ संपूर्ण वेळ ती घरच्या चकलीचं कौतुक करते आणि अखेरच्या तीन-चार सेकंदांत विकतची चकली पुढे करते. प्रेक्षकाच्या मनात सोऱ्या आणि पाकीट समोरासमोर येतात आणि पाकीट हरतं. मग ती फट बुजवायला संगीत चढवलं जातं, डोळ्यांत पाणी आणलं जातं. भावना ओढूनताणून आणावी लागते ती इथे.

‘धारा’ तेलाची जिलेबीची जाहिरात आठवा. नव्वदच्या दशकातली. रुसून घर सोडून निघालेलं पोर स्टेशनवर बसलंय, ओळखीचे पोस्टमनकाका भेटतात, घरी आई जिलेब्या करतेय म्हणतात आणि पोराचा निश्चय डळमळतो. तिथे आईचा हात दाखवणं खरं होतं, कारण तेल त्या कढईतच असतं. शिवाय ते पोर कुणाची आठवण काढत नाही. ते रुसतं आणि जिलेबीसाठी माघार घेतं. आठवण येते ती पाहणाऱ्याला. तयार फराळ विकणाऱ्याला मात्र ही कढई उसनी घेता येत नाही. सणाच्या ज्या भागात विकतचा पदार्थ आजही खरोखर शिरलेला आहे, तोच त्याने निवडावा. असा भाग म्हणजे फराळाची देवाणघेवाण.

४० सेकंदांची पटकथा धरू. चिवडा-चकली विकणारी कंपनी, काळ आजचा. नऊ-दहा वर्षांची मुलगी रुमालाने झाकलेलं ताट घेऊन जिना चढते आहे. मधल्या वळणावर ती बसते, रुमाल उचलते, एक चकली खाते. ताटात पडलेली गोल मोकळी जागा तिला दिसते. ती बोटांनी चिवडा सरकवून ती बुजवते, ताट लांब धरून पाहते, पुन्हा थोडा सरकवते. इथे कॅमेऱ्याने घाई करायची नाही. १० सेकंद द्यावेत, कारण सगळी जाहिरात या बोटांत आहे. दार उघडतं. काकू नुकत्याच कामावरून आल्यात, पर्स अजून खांद्यावर. रुमाल काढताच त्यांची नजर चिवड्याच्या त्या ढिगावर थांबते. त्या काही विचारत नाहीत. ताट रिकामं करतात, ओट्यावरचं पाकीट फोडून त्यातल्या चकल्यांनी ते भरतात, रुमाल घालतात आणि एक चकली वेगळी मुलीच्या हातात ठेवतात: “ही जिन्यातली.” एवढाच संवाद. निवेदन नाही, बासरी नाही. जिन्यातले आवाज पुरेत. पाकीट इथे नेमकं निर्णायक क्षणी येतं, कारण ताट रिकामं परत पाठवायचं नसतं आणि काकूंना तळायला वेळ झालेला नाही. त्याबद्दल त्या ओशाळत नाहीत आणि पटकथाही खुलासा करत नाही.

यावर जाहिरातवाले म्हणतील की वेळ थोडा असतो, ओळखीच्या खुणांशिवाय प्रेक्षकाला सण कळणार कसा? हे बरोबर आहे आणि म्हणूनच झाकलेलं ताट ठेवलं आहे. आत शिरायला एक सर्वांच्या ओळखीची वस्तू लागते. तिच्यापुढची कृती मात्र आधी कुणी दाखवलेली नसावी. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: फ्लॅटमध्ये वाढलेल्यांनी ताटं पोचवलेलीच नाहीत, मग ही आठवण कुणाची? ताट सगळ्यांनी नेलेलं नसेल, पण सोपवलेल्या खाऊतला थोडा खाऊन उरलेला सारखा करणं बहुतेकांनी केलेलं असतं. म्हणून वाडा, तुळशीवृंदावन, नऊवारी हे एका विशिष्ट घराचं नेपथ्य मी टाळेन. साध्या इमारतीचा जिना पुरतो.

पटकथा फसली आहे का, हे ओळखायला शेवटच्या चौकटीत विमा कंपनीचं नाव घालून पाहावं. आजी-नातवाची जाहिरात तशीच चालते. जिन्यातली चालत नाही, कारण चकली काढली तर ती मोकळी जागाच उरत नाही. तेव्हा फराळ विकणाऱ्यांना माझी विनंती आहे: यंदा पटकथा लिहायला घ्याल तेव्हा तुमचं पाकीट कुणाच्या घरात, कुणाच्या हातून, कशासाठी फुटतं, ते आधी लिहा. आजीला बोलवायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.