क्रियापदाची जागा : पडद्यावरील प्रात्यक्षिकाच्या संहितेविषयी

संगणकावरील एखादी आज्ञावली कशी वापरावी हे पडद्याचे चित्रण करून शिकवताना निवेदन आणि चित्र या दोन धारा एकाच वेळी वाहत असतात. निवेदनात ज्या क्षणी ‘क्लिक करा’ हे शब्द येतात, त्याच क्षणी पडद्यावरील बाणाने योग्य जागी क्लिक केलेले दिसावे, एवढीच या संहितेकडून अपेक्षा असते. ही अपेक्षा मराठीत का चुकते आणि कशी साधता येते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. त्यासाठी मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पाचे उदाहरण सोयीचे आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात साधारण दहा मिनिटांचे पाठ तयार होतात, आणि त्यांचे मूळ इंग्रजी निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत पुन्हा ध्वनिमुद्रित केले जाते. पडदा मात्र इंग्रजीच राहतो.

या प्रकल्पाची संहिता दोन रकान्यांत लिहिली जाते. डावीकडे दृश्यसंकेत, म्हणजे पडद्यावर काय घडायचे आहे त्याची नोंद, आणि उजवीकडे त्याच वेळी उच्चारायचे निवेदन. भाषांतरासाठी पुढे हीच संहिता वेळेसह मांडली जाते आणि प्रत्येक वाक्यापुढे ते कोणत्या मिनिट-सेकंदाला सुरू होते हे लिहिले जाते. अडचण अशी की वेळ वाक्याच्या आरंभाची नोंदलेली असते, आणि क्लिक मात्र वाक्याच्या आत कुठेतरी घडते. इंग्रजी आज्ञार्थी वाक्यात क्रिया आधी येते आणि जागा नंतर, तर मराठीत जागा आधी येते आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी उभे राहते. त्यामुळे दोन्ही वाक्ये एकाच सेकंदाला सुरू झाली, तरी मराठी श्रोत्याला ‘क्लिक’ हा शब्द ऐकू येईपर्यंत पडद्यावर मेनू उघडून पुढची निवडही होऊन गेलेली असते.

लिब्रेऑफिस कॅल्क या तक्त्यांच्या आज्ञावलीतील गाळणीचे उदाहरण पाहावे. समजा, एका यादीत सभासदांची नावे आणि त्यांची गावे आहेत आणि साताऱ्याचे सभासद तात्पुरते लपवायचे आहेत. यादीतील एका घरात उभे राहून Data मेनू उघडायचा, त्यातून AutoFilter निवडायचे, शीर्षकाच्या घरात उमटलेल्या छोट्या बाणावर क्लिक करायचे, ‘सातारा’समोरची खूण काढायची आणि OK दाबायचे, एवढाच हा व्यवहार आहे. मराठी लेखणीला यावर सुचणारे पहिले वाक्य बहुधा असे असते : ‘Data मेनूवर क्लिक करून, AutoFilter निवडून, बाण दाबून साताऱ्याची खूण काढा.’ व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे, किंबहुना लेखी मराठीत ते सुबकही वाटेल. परंतु ‘करून, निवडून, दाबून’ या ऊनान्त रूपांनी चार क्लिक एकाच श्वासात ओवले गेले आहेत, आणि पडद्यावर काय उघडले हे पाहायला श्रोत्याला त्यांच्यामध्ये कुठेही उसंत मिळत नाही.

हे वाक्य मोडताना शब्दांची मोजणी उपयोगी पडते. निवेदकाने शंभर शब्दांचा उतारा आपल्या नेहमीच्या गतीने वाचावा आणि घड्याळ लावून वेळ पाहावी. समजा, त्याला ५० सेकंद लागले, तर एका शब्दाला अर्धा सेकंद पडतो. ‘मेनूबारमधील Data या शब्दावर क्लिक करा’ या वाक्यात सहा शब्द असल्याने ते तीन सेकंदांचे ठरते, आणि ‘क्लिक’ हा पाचवा शब्द असल्याने तो दुसरा सेकंद संपताना सुरू होतो. म्हणजे Data हे नाव ऐकताच बाण हलू लागावा, दोन सेकंदांच्या आत तिथे पोहोचून स्थिर व्हावा आणि शेवटच्या सेकंदात क्लिक घडावे. त्यानंतर एक सेकंद निवेदन थांबते, कारण उघडलेली यादी डोळ्यांनी वाचायला तेवढा अवधी हवाच. मग येते ‘उघडलेल्या यादीत AutoFilter निवडा’, चार शब्द, दोन सेकंद. एकूण सहा सेकंद झाले. शब्दांची लांबी कमीजास्त असल्याने हा हिशेब अंदाजाचाच आहे, तरीही कागदावरच सेकंदांची तूट दिसते, हा त्याचा फायदा. येथे नाव आधी उच्चारले जाणे ही मराठीची सोयच ठरते, कारण क्लिक घडण्यापूर्वीच श्रोत्याची नजर योग्य जागी पोहोचलेली असते. स्वतंत्रपणे मराठीत पाठ करणाऱ्याने म्हणूनच निवेदन आधी ध्वनिमुद्रित करावे आणि ते कानात ऐकत पडद्यावरील कृती करावी.

पुनर्ध्वनिमुद्रणात मात्र चित्र ठरलेले असते. मूळ इंग्रजी वाक्याला चारच सेकंद दिलेले असतील, तर वरील सहा सेकंद त्यात बसणार नाहीत. अशा वेळी घाईने वाचणे हा उपाय सर्वांत वाईट. त्याऐवजी ‘Data मेनूतील AutoFilter निवडा’ असे चार शब्दांचे वाक्य करता येते. मेनूचे क्लिक ‘मेनूतील’ या शब्दावर पडले तरी खटकत नाही, आणि ‘निवडा’ दुसऱ्या क्लिकला मिळतो. क्लिक आधीच होऊन गेले असेल, तर ‘उघडलेल्या’, ‘उमटलेल्या’ अशी धातुसाधित विशेषणे निवेदनाला कृतीच्या मागून चालू देतात. चित्राला हात लावण्याची मुभा असल्यास एखादी चौकट रोखून धरून सेकंद वाढवता येतात, परंतु बाण स्थिर असेल तिथेच. ज्या घरात मजकूर टाइप केला जात आहे तिथे लुकलुकणारी उभी रेघ असते, आणि चौकट रोखताच ती गोठते, त्यामुळे जोड उघडा पडतो.

किती अचूकता हवी, याचे उत्तर रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत काही प्रमाणात मिळते. मेयर यांनी ज्याला कालिक सान्निध्याचे तत्त्व म्हटले, त्यानुसार शब्द आणि संबंधित चित्र एकामागून एक देण्याऐवजी एकाच वेळी दिल्यास शिकणाऱ्याला विषय अधिक समजतो. मात्र मजकुराचे तुकडे अगदी लहान असतील, तर आधी शब्द आणि मग चित्र आल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्याच प्रयोगांच्या मालिकेत आढळले. संहिताकाराने यातून दुसरा निष्कर्ष अधिक मनावर घ्यावा. एका वाक्यात एकच क्लिक असेल तर अर्ध्या सेकंदाची चूक खपून जाते, तर चार क्लिकांच्या वाक्यात तीच चूक साचत जाते.

संहिता अचूक असूनही मेळ चुकला, तर दोष कुठे आहे हे चुकीच्या स्वरूपावरून ओळखता येते. पहिल्या आणि शेवटच्या क्लिकला सारखेच अंतर पडत असेल, तर ध्वनीची पट्टी संपूर्ण सरकवली की काम होते. अंतर मिनिटागणिक वाढत असेल, तर चित्रणातील चौकटींचा वेग बदलता राहिला असण्याची शक्यता मोठी, आणि संकलनापूर्वी ते चित्रण स्थिर वेगात रूपांतरित करून घ्यावे लागते. अंतर मध्येच एखाद्या वाक्याला पडत असेल आणि पुढे नाहीसे होत असेल, तर मात्र संहितेकडेच परतावे. त्या वाक्यात बहुधा एखादे ‘करून’ शिल्लक राहिलेले असते.