उरलेलं क्लीनर ओतायचं कुठे?

घर बदलताना मोरीत अर्धी बाटली टॉयलेट क्लीनर आणि थोडं ब्लीच सापडतं. ते सगळं संडासात ओतून मोकळं व्हावंसं वाटतं. पण तुमच्याकडे सेप्टिक टँक असेल, तर जरा थांबा.

टाकीतला मैला जिवाणू कुजवतात. रोजच्या सफाईपुरतं क्लीनर पाण्यात विरून जातं. अख्खी बाटली एकदम गेली, तर मात्र हे जिवाणू मरू शकतात. मग न कुजलेला गाळ शोषखड्ड्याकडे सरकतो आणि त्याची छिद्रं बुजवतो. पाणी सावकाश उतरू लागलं, दुर्गंधी वाढली, की समजावं टाकी बिघडते आहे.

म्हणून उरलेलं क्लीनर त्याच कामासाठी थोडं थोडं वापरून संपवा किंवा शेजाऱ्यांना मूळ बाटलीतच द्या. अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. रिकाम्या बाटलीत पाणी घालून हलवा आणि ते पाणी संडास धुवायलाच वापरा.

आता असं पाणी झाडांना घालण्याविषयी. फिनाइलचं किंवा ब्लीचचं पाणी कुंडीत नको. साबणाचं पाणीही जपून घाला, त्यातल्या सोडियममुळे माती घट्ट होते, पानांच्या कडा करपतात. कपडे शेवटी खळबळल्याचं पाणी शोभेच्या झाडांना चालतं, पण मधूनमधून साधं पाणीही द्या. पालेभाज्यांना मात्र खळबळल्याचं पाणी घालू नका.