चार वाक्यांचा परिचय

पुण्यात सूत्रसंचालन करणाऱ्याच्या हाती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एक कागद येतो. तो असतो वक्त्यांचा रेझ्युमे. दोन पानं, कधी चार. सोबत संयोजकांचा निरोप असतो, "ताई, परिचय थोडक्यात करा हं, चार वाक्यांत."

चार वाक्यं म्हटल्यावर आपण पहिल्यांदा लबाडी करतो. पूर्णविराम चारच ठेवतो आणि स्वल्पविरामांनी सगळा कागद आत कोंबतो. एका व्याख्यानाला मीही हे केलं होतं. तिसऱ्या वाक्यात संस्था, पदं आणि पुरस्कार एकामागून एक येत राहिले आणि क्रियापदापर्यंत पोचेतो माझाच श्वास संपला. पहिल्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "विषय काय आहे हो आजचा?" त्यांना ऐकू कमी येत होतं, म्हणून ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

त्या प्रश्नानं माझी चूक दाखवली. रेझ्युमे नोकरी देणाऱ्यासाठी किंवा समितीसाठी लिहिलेला असतो. तो डोळ्यांनी वाचायचा असतो, मागे वळून पुन्हा पाहता येतो. श्रोत्याला मागे वळता येत नाही. आणि त्याला एवढंच हवं असतं, की आजच्या विषयावर या व्यक्तीचं का ऐकायचं.

एक खरा रेझ्युमे घेऊ. डॉ. इरावती कर्वे. समजा, साल 1969 आहे, सभागृह पुण्यातलंच आणि विषय आहे महाभारतातल्या स्त्रिया. कागदावर काय असेल? जन्म 1905, ब्रह्मदेशात. नाव तिथल्या इरावती नदीवरून. शाळा पुण्यात हुजूरपागा, मग फर्ग्युसन कॉलेज. मुंबईला घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राची एम.ए. 1930 साली बर्लिनची डॉक्टरेट, मानवी कवटीवरच्या संशोधनासाठी. 1939 पासून डेक्कन कॉलेज. 1953 साली भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा इंग्रजी ग्रंथ. मग ललित लेखन, 'युगान्त' आणि त्याला 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार.

आता पेन्सिल घ्यायची आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: आजच्या विषयाशी तुझं काय? ब्रह्मदेश गेला. हुजूरपागा गेली. शाळेचं नाव काढलं तर निम्मं सभागृह टाळ्या वाजवील, हे खरं, पण ते स्वतःसाठी वाजवील. कवट्यांचं संशोधनही गेलं. बर्लिनची डॉक्टरेट सोडताना मात्र हात अडतो. पण ती हरवत नाही, नावाआधीच्या 'डॉक्टर' या एका शब्दात ती आलीच. उरलं 'युगान्त', नातेसंबंधांचं काम आणि डेक्कन कॉलेज.

मग क्रम. रेझ्युमे नावानं सुरू होतो, परिचय नावानं संपतो. नाव आधी घेतलं की लोक टाळ्या वाजवतात किंवा आपसात बोलू लागतात, आणि पुढचं वाहून जातं. म्हणून पहिलं वाक्य विषयाचं, दुसरं अधिकाराचं, तिसरं त्या व्यक्तीला डोळ्यांसमोर उभं करणारं आणि चौथ्यात आमंत्रण. चौथ्याचा शेवटचा शब्द म्हणजे नाव. तो पडला की टाळ्या आपोआप पडतात.

ऐका.

"गांधारी, कुंती आणि द्रौपदी यांच्याकडे माणसं म्हणून पाहिलं, तर महाभारत कसं दिसतं, हे आज आपल्याला ऐकायचं आहे. याच नजरेनं लिहिलेल्या 'युगान्त' या पुस्तकाला गेल्या वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. डेक्कन कॉलेजात शिकवता शिकवता बाई देशभर हिंडल्या आणि कुठे कोण कोणाला काय नातं मानतं, ते त्यांनी लोकांच्याच तोंडून लिहून घेतलं. महाभारतातल्या स्त्रियांविषयी बोलायला मी विनंती करते, डॉक्टर इरावती कर्वे."

साठेक शब्द झाले. सावकाश बोललं तरी चाळीस सेकंदांच्या आत संपतात. यात 'पारितोषिकप्राप्त', 'बहुआयामी', 'ख्यातनाम' यांपैकी एकही शब्द नाही. 'ख्यातनाम' म्हणून श्रोत्याला काही कळत नाही, 'लोकांच्याच तोंडून लिहून घेतलं' म्हटलं की बाई वही घेऊन कुणाच्या तरी ओसरीवर बसलेल्या दिसतात. मात्र असं चित्र रेझ्युमेत आयतं मिळत नाही. तिथे फक्त ग्रंथाचं नाव असतं. तो ग्रंथ कसा झाला, हे वक्त्यांना फोन करून विचारायचं. त्याच फोनवर नावाचा उच्चार विचारायचा, आणि पद अजून आहे की सुटलं, तेही. रेझ्युमे जुना असतो आणि 'विद्यमान' म्हटल्यावर वक्ते व्यासपीठावरून मान हलवतात.

आणखी एक पथ्य. वक्त्यांचं म्हणणं आपण सांगायचं नाही. पहिल्या वाक्यात प्रश्न आहे, उत्तर नाही. गांधारीनं डोळ्यांवर पट्टी का बांधली असावी, हे मीच सांगून टाकलं तर बाईंनी उभं राहून काय करायचं?

कागद तोच ठेवून विषय बदलला तर काय होतं, तेही पाहा. पुरातत्त्वज्ञ संकलियांबरोबर इरावतीबाई गुजरातेत लांघणजच्या उत्खननात होत्या. समजा, व्याख्यान तिथल्या प्राचीन मानवी सांगाड्यांवर आहे. आता मघाशी खोडलेली बर्लिनची कवटी थेट दुसऱ्या वाक्यात येऊन बसते. लांघणज तिसऱ्यात. आणि पुरस्कार मिळालेलं 'युगान्त' बाहेर जातं. एवढं मोठं पुस्तक गाळताना जीव कासावीस होतो, पण सांगाड्यांविषयी ऐकायला आलेल्या माणसाला त्याचा उपयोग नसतो.

शेवटची परीक्षा कानाची. चारही वाक्यं उभं राहून, मोठ्यानं म्हणायची. एका श्वासात मावलं नाही, तर ते वाक्य एक नाही, दोन आहेत. आणि घरातल्या कुणाला तरी ऐकवून विचारायचं, कार्यक्रम कशावर आहे? उत्तर आलं नाही, तर पहिलं वाक्य पुन्हा लिहायचं.

मी इरावतीबाईंचंच उदाहरण घेतलं, त्याला कारण आहे. 'परिपूर्ती' नावाचा त्यांचा लेख सुरू होतो तोच एका सभेत झालेल्या त्यांच्या परिचयानं. महर्षी कर्व्यांची सून, प्राचार्य कर्व्यांची पत्नी, अशी ओळख तिथे करून दिली जाते. बाईंना त्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहतं. पुढे रस्त्यानं जाताना काही मुलांचं बोलणं कानावर पडतं. एक मुलगा दुसऱ्याला सांगत असतो, की या बाई म्हणजे आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि बाईंना वाटतं, आता परिचय पुरा झाला.

आईपणाच्या अंगानं तो लेख आपण सगळे वाचतो. मी तो सूत्रसंचालकाच्या अंगानंही वाचते. त्या मुलाकडे रेझ्युमे नव्हता. पण ऐकणारा कोण आहे, हे त्याला ठाऊक होतं. ऐकणारा होता वर्गातला सोबती, म्हणून त्यानं वर्गातल्याच कर्व्याचं नाव घेतलं आणि एका वाक्यात काम भागवलं. आपल्याला तर चार मिळालेली असतात.