अडकलेला व्हॉल्व्ह ओळखायचा कसा?

आमच्या रायपुरात उरला-सिलतरा भागात भट्ट्या दिवसरात्र चालतात. समजा, अशा एका भट्टीच्या गॅसलाइनवर शटडाउन व्हॉल्व्ह आहे. धोका झाला की त्याने मिटायचं, पण एरवी तो वर्षभर उघडाच. दांडा गंजून अडकला तरी बाहेरून काही दिसत नाही. फौजेत कोतात पडून असलेल्या रायफलीचाही बोल्ट आम्ही मागेपुढे करून बघायचो. हे तसंच.

हा व्हॉल्व्ह हवेच्या दाबाने उघडा राहतो, हवा गेली की स्प्रिंग तो मिटवते. चाचणीत हवा हळूहळू सोडायची, व्हॉल्व्ह १० ते १५ टक्के सरकू द्यायचा आणि हवा परत भरायची. गॅस वाहतच राहतो. बघायचा तो दाब. नवा असताना व्हॉल्व्ह ३ बारला हलू लागायचा आणि आज २ बारपर्यंत उतरूनही हलला नाही, तर घर्षण वाढलंय. इथे हट्ट नको. आणखी हवा सोडली तर अडकलेला दांडा झटक्यात सुटून व्हॉल्व्ह पूर्ण मिटेल आणि भट्टी बंद पडेल. म्हणून खालचा दाब आधीच ठरवायचा, तिथे थांबायचं आणि दुरुस्तीची तारीख घ्यायची.

मिटल्यावर गॅस झिरपतो का, हे मात्र यातून कळत नाही. त्यासाठी व्हॉल्व्ह पूर्णच बंद करावा लागतो, म्हणजे भट्टीच्या पुढच्या शटडाउनपर्यंत थांबणं आलं.