भूगावच्या भट्टीत कोक नेमकं काय करतो? (भागाचा मजकूर)

आजचा भाग जरा केमिस्ट्रीचा आहे. घाबरू नका, बारावीतला एकच फॉर्म्युला लागणार आहे.

वर्ध्याजवळ भूगावला लोखंडाचा प्लांट आहे, पूर्वीचा उत्तम गल्वा. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना तो रस्त्यावरून दिसतो. तिथल्या ब्लास्ट फर्नेसमध्ये वरून लोहखनिज आणि कोक टाकतात, खालून लोखंड निघतं. आता मला सांगा, कोक कशाला? तुम्ही म्हणाल, जळण म्हणून. ते आहेच, पण अर्धंच उत्तर झालं. समजा दुसरीकडून हवी तेवढी उष्णता फुकट मिळाली, तर कोकशिवाय लोखंड निघेल का?

फॉर्म्युला असा: ΔG = ΔH − TΔS. ΔH म्हणजे एन्थॅल्पी, रिअ‍ॅक्शनला बाहेरून किती उष्णता द्यावी लागते ते. ΔS म्हणजे एन्ट्रॉपीतला बदल, ढोबळ भाषेत पसारा किती वाढला. T म्हणजे तापमान, तेही केल्व्हिनमध्ये. ΔG मायनस आला की रिअ‍ॅक्शन आपणहून पुढे जाऊ शकते, प्लस असेल तर नाही. बरोबर शून्यावर T = ΔH ÷ ΔS. हेच ते पलटण्याचं तापमान.

आधी कोकशिवाय बघू. खनिज नुसतं तापवून ऑक्सिजन उडवून लावायचा:

2Fe₂O₃ → 4Fe + 3O₂

याची ΔH साधारण १६४८ किलोज्यूल. ΔS साधारण ५५० ज्यूल प्रति केल्व्हिन, कारण घन पदार्थातून तीन मोल गॅस मोकळा होतोय. भागाकार केला की जवळपास ३००० केल्व्हिन येतं, म्हणजे २७०० अंश सेल्सिअसच्या वर. लोखंड १५३८ अंशांनाच वितळतं. अशी भट्टी बांधायची कशाची, हाच प्रश्न आहे.

आता कोक घाला:

2Fe₂O₃ + 3C → 4Fe + 3CO₂

कार्बन त्या ऑक्सिजनला धरतो आणि तसं करताना सुमारे ११८० किलोज्यूल परत देतो. १६४८ मधून ११८० गेले, उरले ४६८. आणि ΔS? ती ५५९. म्हणजे जवळजवळ तेवढीच! आधी तीन मोल ऑक्सिजन सुटत होता, आता तीन मोल कार्बन डायऑक्साइड सुटतो, पसारा सारखाच. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. कोकने पसाऱ्याला हातही लावला नाही, फक्त किंमत एक तृतीयांशाच्या खाली आणली.

४६८ भागिले ५५९ करायच्या आधी थांबा. कॅल्क्युलेटरवर उत्तर ०.८४ येईल. ०.८४ केल्व्हिनला लोखंड तयार होत असतं, तर जगात गंज उरलाच नसता. असं विचित्र उत्तर दिसलं की समजायचं, एक आकडा किलोज्यूलमध्ये आहे आणि दुसरा ज्यूलमध्ये. ४,६८,००० भागिले ५५९ म्हणजे ८३७ केल्व्हिन. त्यातून २७३ वजा, राहिले ५६४ अंश सेल्सिअस.

ताळा करून बघू. खोलीच्या तापमानाला, २९८ केल्व्हिनला, TΔS होतो १६७ किलोज्यूल. ४६८ वजा १६७ म्हणजे प्लस ३०१. म्हणून खनिज आणि कोळसा एका पोत्यात वर्षानुवर्षं ठेवा, काही होणार नाही. १००० केल्व्हिनला मात्र ४६८ वजा ५५९, म्हणजे मायनस ९१. पलटलं!

मग भूगावची भट्टी ५६४ वर का चालवत नाहीत? एक तर आपण २५ अंशांचे ΔH आणि ΔS वरपर्यंत तसेच धरले. प्रत्यक्षात ते तापमानाबरोबर थोडे सरकतात, त्यामुळे ५६४ हा अंदाज आहे. दुसरं, खनिजातला ऑक्सिजन एकदम सुटत नाही, टप्प्याटप्प्याने सुटतो. शेवटच्या टप्प्याला, FeO मधून Fe काढायला, कार्बनला साधारण ७०० अंशांच्या पुढे जावं लागतं. आणि ΔG वेगाबद्दल चकार शब्द बोलत नाही. दगडाला दगड टेकवून रिअ‍ॅक्शन रखडतच चालणार. म्हणून भट्टीत बरंचसं काम कार्बन मोनॉक्साइड करतो. कोक जळून तयार झालेला हा गॅस खनिजाच्या फटीफटीत शिरतो. शिवाय लोखंड पातळ होऊन वाहायला हवं, त्यामुळे खाली तापमान १४०० च्या वरच लागतं.

जाता जाता, हाच हिशोब अ‍ॅल्युमिनियमला लावून बघा. त्याच्या ऑक्साइडची ΔH इतकी जास्त आहे की कार्बन घालूनही आकडा २००० अंशांच्या पुढे जातो. म्हणून स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियमचा डबा कोकच्या भट्टीतून येत नाही, तो धातू विजेने काढावा लागतो.